‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

संध्याकाळचे पाच वाजले की मी आमच्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच ओळ टाकतो : ‘आजचं स्टेटस टाका.’ आम्ही शेतात सौर कृषिपंप बसवतो. कंपनी खासगी, योजना सरकारी. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आमच्या पाच टीम फिरत असतात आणि मी ऑफिसात बसून त्यांचं समन्वयाचं काम पाहतो. माझ्या रिपोर्टिंग मॅनेजर पुण्यात बसतात. साडेसहाला त्यांची वरच्या लोकांबरोबर मीटिंग असते, म्हणून सहापर्यंत दिवसभराचा अहवाल त्यांच्या फोनवर पोचावा लागतो. पाच ते सहा या तासाभरात माझ्याकडे जे येतं आणि मी पुढे जे पाठवतो, त्या दोन्हींमध्ये काय घडतं, ते इथे सांगायचं आहे. कारण फॅक्टरी असो, सॉफ्टवेअर कंपनी असो की दवाखान्याची लॅब, मधल्या माणसाचं हे काम सगळीकडे असतं, आणि ते कसं करायचं हे कोणी बसून शिकवत नाही.

एका सोमवारी ग्रुपवर आलेली उत्तरं ही अशी :

पैठण – झालं
गंगापूर – २ झाले १ राहिला
वैजापूर – कंट्रोलर नाही
वैजापूर – परत
कन्नड – शेतकरी नाही
सिल्लोड – होऊन जाईल
वैजापूर – स्टोअरला विचारा
पैठण – 👍

आठ ओळी. हे वाचून नवख्या माणसाला वाटेल, काय उद्धट मंडळी आहेत! तसं काही नाही. हा निरोप लिहिणारा माणूस दिवसभर उन्हात उभा होता, हाताला ग्रीस लागलंय, मोटारसायकल चालू ठेवून एका अंगठ्याने तो टाईप करतोय. शिवाय समोरच्याला सगळं माहीत आहे हे त्याने गृहीत धरलंय, आणि मी विचारलेल्या प्रश्नापुरतं ते बरोबरही आहे. आपल्याकडे तार होती तेव्हा शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून लोक शब्द मोजून लिहायचे. तारेची ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. इथे पैसे पडत नाहीत, कष्ट पडतात.

पण हीच आठ वाक्यं जशीच्या तशी मॅडमना पाठवली तर? त्यांना प्रश्नही माहीत नाही आणि शेतही दिसत नाही. ‘कंट्रोलर नाही’ म्हणजे आला नाही, हरवला, जळाला की चुकीचा आला? त्या फोन करणार, मी वैजापूरला फोन करणार, आणि मीटिंगची वेळ होऊन जाणार.

सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं की हे काम भाषा गुळगुळीत करण्याचं आहे. ‘कंट्रोलर नाही’ असं आलं की मी लिहायचो, ‘सविनय कळविण्यात येते की, वैजापूर येथील कंट्रोलर उपलब्ध होऊ शकलेला नाही. याबाबत पाठपुरावा सुरू असून लवकरच कार्यवाही करण्यात येईल.’ वाक्य लांब झालं, अंगात कोट चढला, पण माहिती त्या दोन शब्दांइतकीच राहिली. कंट्रोलर का नाही, पाठपुरावा कोण करतंय, लवकरच म्हणजे कधी, यातलं काहीच नाही. उलट मॅडमना आता ते सगळं वाचण्याचा जास्तीचा त्रास. सरकारी मराठीतला तो ‘करण्यात येईल’ फार सोयीचा आहे : कर्ता गायब होतो आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही.

मग कळलं की काम भाषेच्या आधी सुरू होतं. प्रत्येक ओळीला तिचा प्रश्न परत जोडायचा आणि तिच्यात काय गाळलंय ते शोधायचं. म्हणून मी आधी काही लिहीत नाही. वहीत पाच टीमची नावं घालतो आणि प्रत्येकीपुढे चार गोष्टी भरता येतात का पाहतो : कोणतं काम, किती, आता कुठे अडलंय, पुढची तारीख-वेळ काय. जिथे जागा रिकामी राहते, तिथे फोन.

पैठणचं ‘झालं’ घ्या. आमच्या कामाला टप्पे आहेत. आधी खड्डे खणून काँक्रीटचं फाउंडेशन, मग पॅनेलचं स्ट्रक्चर उभं करायचं, मग पंप बोअरमध्ये सोडायचा, वायरिंग, कंट्रोलर, आणि शेवटी पाणी काढून दाखवायचं. त्यानंतर शेतकऱ्यासोबत फोटो, सही, आणि ते सगळं पोर्टलवर चढवायचं. आमच्या मेकॅनिकच्या लेखी पाइपातून पाणी आलं की ‘झालं’. शेतकऱ्याच्या लेखीही तेव्हाच झालं. पण मॅडमच्या लेखी पोर्टलवर नोंद दिसली की झालं, कारण पुढच्या लोकांना आकडा तिथून दिसतो. एकाच शब्दाची दोन माणसांकडची किंमत वेगळी, आणि मधला माणूस तो शब्द तसाच पुढे ढकलणार असेल तर मधल्या माणसाचा उपयोग काय?

मी फोन केला. “किती चढले पोर्टलवर?” विचारलं.

“दोन चढले भाऊ. तिसऱ्याचे फोटो काढून ठेवलेत, इथं रेंजच नाही. सकाळी पैठणात आलो की टाकतो.”

“किती वाजता?”

“दहा धरा.”

चाळीस सेकंदांचा फोन. ‘झालं’चं झालं असं : तीन पंपांतून पाणी आलं, दोनांची नोंद झाली, तिसऱ्याची उद्या सकाळी दहापर्यंत होईल. पैठणच्या त्या अंगठ्याच्या चित्राचा अर्थही तेव्हाच विचारून घेतला. मी दुपारी डिझेलच्या पावत्या मागितल्या होत्या, त्याला तो होकार होता. मॅडमच्या अहवालात त्याला जागा नाही. ग्रुपवर आलेलं सगळं पुढे पाठवायचं नसतं, हेही कळायला मला वेळच लागला.

गंगापूरच्या ओळीत आकडे होते म्हणून ती बरी वाटते. तिथे फक्त ‘राहिला’ कुठल्या टप्प्यावर राहिला, ते विचारलं. स्ट्रक्चर उभं होतं, पंप बोअरमध्ये सोडायचं काम उद्या दुपारी.

कन्नडची ओळ मात्र फसवी होती. ‘शेतकरी नाही.’ मी पहिल्या झटक्यात वाचलं की शेतकरी नाही म्हणतोय, म्हणजे पंप घ्यायला नकार. तसं कधीकधी होतं : पॅनेल कुठे उभं करायचं यावरून भाऊबंदकीत वाद होतो आणि काम थांबतं. ते खरं असतं तर मॅडमना लगेच सांगावं लागलं असतं, कारण नकाराची प्रक्रिया वेगळी आहे. फोन केला तर शेतकरी फक्त घरी नव्हता. माल घेऊन बाजार समितीत गेला होता. पंप चालू झालाय, सही आणि फोटो राहिलेत, तो उद्या सकाळी आठला शेतावर भेटणार आहे. मराठीतला ‘नाही’ हा शब्द एकटा सोडला की तो हजर नसणं, तयार नसणं, शिल्लक नसणं आणि झालेलं नसणं या चारही ठिकाणी जाऊन बसतो. म्हणून ‘नाही’ दिसलं की फोन करायचा, अंदाज बांधायचा नाही, हा मी स्वतःला घालून दिलेला नियम.

आता सिल्लोडचं ‘होऊन जाईल’. या दोन शब्दांनी मला एकदा पुरतं गोत्यात आणलंय.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका संध्याकाळी फाउंडेशनबद्दल विचारलं तर ‘होऊन जाईल’ असं उत्तर आलं होतं. घाई होती. मी अहवालात लिहिलं, ‘सदर काम उद्या पूर्ण होईल.’ वाक्य छान दिसत होतं. तेव्हाच्या मॅडमनी त्यावर विसंबून पाहणीसाठी सरकारी इंजिनिअरांना परवाच्या दिवसाची वेळ दिली. ते गाडी करून शेतावर पोचले तर तिथे खड्डे. काँक्रीटसुद्धा भरलेलं नव्हतं. मॅडमनी मला फोन केला. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “यातला ‘उद्या’ हा शब्द कोणाचा होता?”

तो माझा होता. टीमने ‘उद्या’ म्हटलंच नव्हतं. मी एका सैल क्रियापदाला तारीख चिकटवली आणि ती वर जाताना पक्की होत गेली : टीमकडे आशा होती, माझ्याकडे अंदाज झाला, मॅडमकडे वचन झालं आणि इंजिनिअरांकडे अपॉइंटमेंट.

तेव्हापासून मी क्रियापदांकडे फार बारकाईने पाहतो. आपल्याकडे ‘करतो’, ‘बघतो’, ‘होईल’, ‘होऊन जाईल’, ‘झाल्यात जमा आहे’ हे सगळे शब्द कामाच्या जागी वापरले जातात आणि प्रत्येकाची खात्री वेगळी असते. ‘बघतो’ म्हणजे बहुतेक वेळा अजून सुरुवात नाही. ‘झाल्यात जमा’ म्हणजे सगळ्यात कटकटीचा भाग शिल्लक. ‘पाठवलं’ म्हणजे पोचलं असं नाही. अहवाल लिहिताना वाक्य सभ्य करण्याच्या नादात खात्रीची पायरी नकळत एक-दोनने वर चढते. ‘बघतो’चं ‘तपासणी सुरू आहे’ होतं आणि ‘तपासणी सुरू आहे’ वाचणाऱ्याला वाटतं, कोणीतरी खरोखर तपासतंय. ही भर नम्रपणे घातलेली असली तरी भरच. जे सांगितलं गेलेलं नाही ते लिहायचं नाही. तारीख मिळाली नसेल तर ‘तारीख उद्या ११ पर्यंत कळवतो’ असं लिहावं. त्यात कमीपणा काही नाही.

या वेळी सिल्लोडला विचारलं, “काँक्रीट कधी भरलं?” एक आज भरलं, दुसरं उद्या. आमच्याकडे भरल्यावर मध्ये तीन दिवस सोडून मगच स्ट्रक्चर उभं करतात. म्हणजे पहिलं शुक्रवारी, दुसरं शनिवारी. आधी दोन्ही शुक्रवारी सांगितली होती, तेव्हा एक काम एक दिवस पुढे गेलं. ‘किंचित विलंब’ असा एक शब्दप्रयोग मी पूर्वी आवडीने वापरायचो. ‘किंचित’ म्हणजे मॅडमनी काय धरायचं, एक दिवस की आठवडा? ‘शुक्रवारऐवजी शनिवार’ हे तेवढ्याच जागेत मावतं आणि ते लिहिलं की पुढचा फोन येत नाही.

राहिलं वैजापूर. तीन निरोप, तिन्ही एकाच माणसाचे, आणि शेवटच्यात राग उघड : ‘स्टोअरला विचारा.’

रागावलेला निरोप पुढे नेताना दोन चुका होतात. एक, तो राग तसाच वर जातो आणि आपला माणूस विनाकारण बदनाम होतो. लिहून पाठवलेल्या शब्दांत सूर किती चुकीचा पोचतो यावर जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ सालचा अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना ई-मेलमधून काही वाक्यं गंभीरपणे तर काही उपरोधाने लिहायला सांगितली. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की १०० पैकी ७८ वेळा तरी समोरच्याला सूर कळेल. प्रत्यक्षात तो ५६ वेळाच कळला, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी जवळपास तेवढंच. तेव्हा ‘स्टोअरला विचारा’ हे पुण्यात वाचणाऱ्याला वैतागलेलं वाटेल, उर्मट वाटेल की नुसती माहिती वाटेल, याचा भरवसा नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते : राग गाळताना त्यातली माहितीही गाळली जाते. त्या तीन निरोपांत सर्वांत मोलाचा शब्द कुठला? ‘परत.’ आज कंट्रोलर नाही ही एक अडचण. परत नाही, याचा अर्थ कुठेतरी काहीतरी सतत चुकतंय. हळवेपणाने तो शब्द पुसला असता तर मॅडमना फक्त एक सुटी घटना दिसली असती. म्हणून राग ठेवायचा नाही, पण ‘परत’ ठेवायचं, तेही मोजून : मागच्या गुरुवारी एकदा, आज दुसऱ्यांदा.

फोनवर कळलं की कंट्रोलर आलाय, पण तीन एचपीचा. पंप पाच एचपीचा. “तीनचा आलाय ना भाऊ, पाचचा पाहिजे होता. मागं बी असंच झालतं. स्टोअरवाले झोपा काढतेत का?”

मी अहवालाचं वाक्यही मनात जुळवलं होतं : ‘स्टोअरकडून चुकीच्या क्षमतेचा कंट्रोलर पाठवण्यात आला आहे.’ सभ्य, स्पष्ट, मोजकं. पाठवण्याआधी सवयीने स्टोअरला फोन केला. ज्याच्यावर दोष येणार आहे त्याला निदान एकदा विचारावं, एवढ्याच हेतूने. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, “तुमच्या यादीत तीनच लिहिलंय. पाठवू का फोटो?”

फोटो आला. यादी माझी होती. एक्सेलमध्ये नावांचा रकाना मी तालुक्याप्रमाणे लावला आणि एचपीचा रकाना सोबत निवडायचा राहिला. नावं हलली, आकडे जागच्या जागी राहिले. गुरुवारची चूकही तीच. मागून पुढे सगळी यादी तपासली तर आणखी दोन ठिकाणी आकडे इकडचे तिकडे झालेले सापडले. त्यांचं सामान अजून निघालं नव्हतं, हे नशीब.

तेव्हा मनात जुळवलेलं ते सभ्य, स्पष्ट, मोजकं वाक्य खोटं ठरलं असतं. नम्र भाषेचा हा धोका आहे : ती इतकी शांत दिसते की आपल्यालाच आपलं वाक्य तपासलेलं वाटू लागतं.

आता पाच पस्तीस झाले होते. वही भरली होती. इथून पुढे लिहायचं काम, आणि ते दहा-बारा मिनिटांचं.

क्रम मी टीमप्रमाणे लावत नाही, मॅडमनी काय करायचं आहे त्याप्रमाणे लावतो. सगळ्यात वर एक आकडा, कारण साडेसहाला त्यांना पहिला प्रश्न तोच विचारला जाणार. मग जिथे त्यांचा निर्णय हवा ते. मग जिथे तारीख हलली ते. जे ठरल्यासारखं झालं ते शेवटी आणि सगळ्यात थोडक्यात. पूर्वी मी उलट करायचो. चांगल्या बातम्या आधी, म्हणजे वाईट बातमीपर्यंत त्यांचा मूड बरा राहील असा हिशेब. फोनच्या पडद्यावर पहिल्या चार ओळीच दिसतात. ‘आणखी वाचा’च्या खाली लपलेली अडचण त्यांना मीटिंगमध्येच कळायची.

निर्णय कसा मागायचा, यावर मी जरा जास्त वेळ घालवतो. आमच्या जालन्याच्या स्टोअरमध्ये पाच एचपीचा एक कंट्रोलर शिल्लक होता, पण तो तिथल्या गुरुवारच्या कामासाठी राखलेला. पहिला मसुदा असा झाला होता : ‘वैजापूरसाठी कंट्रोलर जालन्याहून घ्यावा की पुण्याहून मागवावा?’ दिसायला अदबीचा प्रश्न. पण याला मॅडमचं उत्तर ‘ओके’ असं येऊ शकतं, आणि मागे आलेलंही आहे. घाईतला माणूस शेवटचे दोन शब्द वाचून ‘ओके’ म्हणतो. मग आपण बसायचं, कशाला ओके म्हणून. शिवाय दोन्ही पर्यायांचा हिशेब त्यांनीच करायचा, जो मला आधीच माहीत होता. त्यापेक्षा मी काय करणार ते सांगावं, त्याने कोणाचं काय अडेल तेही सांगावं, आणि हरकत विचारावी. मग ‘ओके’चा एकच अर्थ निघतो.

आदराचं म्हणाल तर मराठीत त्याची जागा क्रियापदाच्या टोकाला असते. ग्रुपवर ‘सांग’, फोनवर ‘सांगा’, लिहिताना ‘सांगावे’. तेवढं पुरतं. प्रत्येक ओळीत ‘कृपया’ पेरलं की कोणती विनंती खरी आणि कोणती सवयीची, हे कळेनासं होतं. मी तो शब्द दिवसातून एकदा, जिथे खरंच काही मागतोय तिथेच ठेवतो. ‘आपल्या सवडीने कळवावे’ हेही तसंच. जालन्याचं स्टोअर सातला बंद होतं. तिथे सवड नाही, आणि वेळ न सांगणं हा नम्रपणा होत नाही, ती फसवणूक होते.

पाच बावन्नला गेलेला अहवाल हा :

```
नमस्कार मॅडम,
आज ठरलेल्या ८ पैकी ४ पंपांची पोर्टलवर
नोंद झाली. उरलेले ४ उद्या संध्याकाळपर्यंत
होतील; त्यातला वैजापूरचा १ आपल्या
होकारावर अवलंबून आहे.

*वैजापूर – होकार हवा*
५ एचपीच्या पंपासाठी ३ एचपीचा कंट्रोलर गेला.
मागच्या गुरुवारीही असेच झाले. दोन्ही वेळची
चूक मी पाठवलेल्या यादीत होती, स्टोअरची नाही.
पूर्ण यादी आज तपासली, आणखी २ चुका
दुरुस्त केल्या. जालन्यात ५ एचपीचा १ कंट्रोलर
आहे, तो तिथे गुरुवारी लागणार आहे. तो उद्या
सकाळी वैजापूरला नेतो आणि जालन्यासाठी
पुण्याहून बुधवारपर्यंत दुसरा मागवतो.
स्टोअर ७ ला बंद होते, म्हणून कृपया
६:३० पूर्वी कळवावे. होकार नसल्यास
वैजापूरचे काम गुरुवारी होईल.

*सिल्लोड – १ तारीख बदलली*
एक फाउंडेशन आज भरले, दुसरे उद्या.
स्ट्रक्चर एक शुक्रवारी, दुसरे शुक्रवारऐवजी
शनिवारी.

*कन्नड (१)* पंप सुरू. शेतकरी बाजार समितीत
होते; सही व फोटो उद्या सकाळी ८ ला.
*पैठण (३)* तिन्ही सुरू, २ नोंदले. तिसरा उद्या
१० पर्यंत (गावात नेटवर्क नाही).
*गंगापूर (३)* २ नोंदले. तिसऱ्याचा पंप उद्या
दुपारी बोअरमध्ये सोडतील, नोंद संध्याकाळी.
```

गावांच्या नावांभोवतीचे तारे मुद्दाम आहेत. व्हॉट्सअॅपवर त्याने अक्षर ठळक होतं आणि नजर बरोबर तिथे जाते. यात टीममधल्या कोणाचंही नाव नाही. काम तालुक्याच्या नावाने ओळखता येतं तेवढं बस. चूक कोणाची हे लिहिणं भागच असेल तर ज्याची आहे त्याला ती ओळ आधी दाखवायची, अशी माझी रीत आहे. या वेळी तो मीच होतो म्हणून वेळ वाचला.

आणि हो, ‘चूक यादीत झाली’ असं लिहून थांबता आलं असतं. मराठीत ते किती सहज जमतं पाहा : ग्लास फुटला, दूध उतू गेलं, यादीत चूक झाली. जणू यादी आपली आपण चुकते. दुसऱ्याचा दोष सांगताना ही रचना उपयोगी पडते, त्याला तोंडावर पाडत नाही. स्वतःचा दोष सांगताना ती वापरली की वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

अहवाल नीट झाला की नाही हे ओळखायची माझी खूण साधी आहे. पाठवल्यानंतर मॅडमचा फोन कोणत्या ओळीवर येतो ते वहीत खूण करून ठेवतो. ज्या ओळीवर फोन आला, ती ओळ मी अर्धीच लिहिली होती. पूर्वी रोज तीन-चार फोन यायचे, बहुतेक ‘म्हणजे कधी?’ आणि ‘म्हणजे कोण?’ यासाठी. अजूनही येतात. काही वेळा मॅडमना लिहून न देता तोंडी ऐकायचं असतं, आणि काही गोष्टी लिहायच्या नसतातच. एखाद्या टीममधला माणूस सलग तीन दिवस उशिरा पोचत असेल, घरी काही अडचण असेल, तर ते अहवालात घालून कायमचं नोंदवायचं नाही. ते फोनवर, दोन वाक्यांत.

एवढा खटाटोप रोज करण्यापेक्षा टीमलाच नीट लिहायला सांगावं, असं मला बरेच जण सुचवतात. सांगून पाहिलं. एका टीमने दोन दिवस ‘आदरणीय सर, सस्नेह नमस्कार’ लिहिलं आणि खाली पुन्हा ‘झालं’. दोष त्यांचा नव्हता. ‘आजचं स्टेटस टाका’ हा प्रश्नच असा आहे की त्याला ‘झालं’ हेच उत्तर येणार. म्हणून मी आता प्रश्न बदलून पाहतोय : ‘पोर्टलवर किती चढले? फक्त आकडा. अडलं असेल तर कशावाचून, तेवढा शब्द.’ अंगठ्याने टाईप करणाऱ्याला एक आकडा आणि एक शब्द जड जात नाही. फोन पाचचे तीनवर आलेत. सिल्लोड अजून ‘होऊन जाईल’वर ठाम आहे.

त्या सोमवारी सहा वाजून अकरा मिनिटांनी मॅडमचं उत्तर आलं. ‘ओके.’

मी जालन्याला फोन लावला, मग वैजापूरला लिहिलं : ‘पाचचा कंट्रोलर उद्या दुपारी १२ पर्यंत येतोय. स्टोअरची चूक नव्हती. यादीत आकडा माझ्याकडून चुकला होता, आजचा पण आणि गुरुवारचा पण. दोन फेऱ्या फुकट गेल्या तुमच्या.’

बराच वेळ ‘टाईप करत आहे’ असं दिसत राहिलं. मग आलं : ‘बरं.’